गारठलेलं रक्त

सत्तरच्या दशकात मी घाटकोपरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला होते. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली, नवी नवी आणि स्वभावाने तिखट. वॉर्डातून लेबल नसलेली बाटली आली की मी ती नेऊन परत देत असे आणि वर चार शब्द ऐकवून येत असे. त्यामुळे माझ्यावर फारसं कुणाचं प्रेम नव्हतं.

माझ्या ताब्यात फ्लेम फोटोमीटर होता. रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम मोजायचं यंत्र. गॅसची निळी ज्योत, तिच्यात पातळ केलेल्या सीरमचा, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणाऱ्या पाण्याचा, बारीक फवारा, आणि ज्योतीचा रंग किती उजळला ते काट्यावर वाचायचं. सोडियमने ज्योत पिवळीधमक होते. पोटॅशियमचा रंग फिकट जांभळा, पिवळ्यात पार बुडून जाणारा. तो गाळून काढायला यंत्रात वेगळी काच असते. नुसतं पोटॅशियमचं पाणी फवारलं की तो जांभळा रंग डोळ्यांना दिसायचा. यंत्र जुळवताना मी तो रोज बघत असे, आणि रोज मला तो आवडत असे.

एका सोमवारी सकाळी बायकांच्या वॉर्डातून एक नमुना आला. माहुलची एक कोळीण, मासे विकणारी. वॉर्डात सगळे तिला मावशी म्हणत. हृदय थकलेलं, पाय सुजलेले, म्हणून हृदयाला जोर देणारं डिजिटॅलिस चालू होतं आणि पाणी उतरवायला लघवीची गोळी. गेले दोन दिवस तिला उलट्या होत होत्या, भिंतीसुद्धा पिवळ्या दिसत होत्या आणि नाडी मध्येच ठोका चुकवत होती. तिचं पोटॅशियम काय आहे, यावर तिचं पुढचं सगळं अवलंबून होतं.

काटा सहाच्या वर गेला. साडेतीन ते पाच असायला हवं. मी यंत्र पुन्हा जुळवलं, पुन्हा फवारलं. तेच.

असा आकडा आला की आम्ही आधी सीरमचा रंग बघायचो. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर सांडतं, पण मग सीरम गुलाबी होतं आणि चोरी पकडली जाते. हे सीरम मात्र छान पिवळसर, नितळ. एकही पेशी फुटलेली नव्हती.

तेवढ्यात वॉर्डाचा हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, स्वतःच रिपोर्ट न्यायला आला. तो मुलुंडला आमच्याच सोसायटीत राहायचा, त्यामुळे आमचं अरे-तुरे होतं आणि भांडणही होतं.

"सहा पॉइंट दोन?" तो म्हणाला. "वाट लागली! हृदय बंद पडेल ना गं तिचं. पोटॅशियम खाली आणायला इन्सुलिन-ग्लुकोज लावतो."

"थांब जरा. लघवीची गोळी चालू आहे, वर उलट्या. पोटॅशियम उतरायला हवं, चढेल कुठून?"

"किडनी गेली असेल."

"युरिया बरा आहे."

"यार, मशीन तुझं, आकडा तुझा, आणि आता तूच म्हणतेस खोटा?"

"कार्डिओग्राम काय म्हणतो?"

"डिजिटॅलिसने आधीच सगळी नक्षी काढून ठेवलीय. त्यातून काही ठरत नाही. म्हणून तर तुझ्या दारात आलो."

"रक्त कधी काढलंस?"

"काल दुपारी. रविवार ना, न्यायला कुणी आलं नाही. पण सिस्टरने नीट फ्रिजमध्ये ठेवलं होतं."

फ्रिजमध्ये! एम.एस्सी.ला एक आकृती मी परीक्षेपुरती घोकली होती, ती तशीच्या तशी डोळ्यांपुढे आली.

पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं. बाहेर रक्ताच्या पाण्यात बरोबर उलट. पण पेशीचं आवरण काही पोलादी नाही. सोडियम सारखं आत झिरपतं, पोटॅशियम सारखं बाहेर. हा फरक टिकवायला आवरणात पंप बसवलेले असतात. पंप आतल्या बाजूने तीन सोडियम धरतो. मग एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, आपला एक फॉस्फेट त्याला चिकटवतं. त्या चिकटण्यानेच पंपाची घडी बदलते, आतलं तोंड मिटतं आणि बाहेरचं उघडतं. तीन सोडियम बाहेर सुटतात, त्यांच्या जागी बाहेरची दोन पोटॅशियम येऊन बसतात. फॉस्फेट गळून पडतो, घडी पुन्हा पहिल्यासारखी होते आणि पोटॅशियम आत उतरतं. एक फेरी, एक एटीपी. लगेच दुसरी फेरी, कारण झिरपणं थांबलेलं नसतं.

आणि थंडीत हा पंप जवळपास ठप्प होतो. झिरपणं तेवढं चालूच राहतं. रात्रभर मावशीच्या रक्तपेशी फ्रिजमध्ये धडधाकट बसून होत्या, आणि त्यांच्यातलं पोटॅशियम गुपचूप सीरममध्ये उतरत होतं.

"इन्सुलिन लावू नकोस," मी म्हणाले. "गारठ्यात पेशींचा पंप थांबतो, पोटॅशियम बाहेर झिरपतं. ताजं रक्त काढ, मी तुझ्याबरोबर येते."

"आणि तोवर ती गेली तर?"

"आणि आकडा खोटा असेल तर? तुझं इन्सुलिन याच पंपाला जोर देणार. तिच्या रक्तात उरलंसुरलं पोटॅशियमही पेशींत ढकलशील."

त्याने रिपोर्टचा कागद टेबलावर टाकला. मग दोघंही पळालो.

मावशी डोळे मिटून पडल्या होत्या. ओठ कोरडे, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. उशाशी सून उभी होती, पदर तोंडाला लावून. इन्सुलिनची बाटली ट्रेमध्येच होती. हाउसमनने ती बाजूला सारली आणि रक्त काढलं. मी नळी मुठीत धरून लॅबमध्ये आणली, गोठल्याबरोबर सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून सीरम वेगळं केलं आणि फवारलं. काटा थोडा वर आला आणि तिथेच थांबला. दोन पॉइंट आठ.

हाउसमन स्टुलावर मटकन बसला. मी आकडा कागदावर लिहून त्याच्या हातात दिला.

मावशीला मारत होतं ते हेच. डिजिटॅलिस पंपावर बाहेरून बसतं आणि त्याला अडवतं. थोडं अडवलं की थकलेलं हृदय जोर धरतं, म्हणून तर ते औषध. पण पोटॅशियम आणि डिजिटॅलिस दोघं त्याच पंपासाठी भांडतात. पोटॅशियम कमी पडलं की डिजिटॅलिसची पकड घट्ट होते आणि औषधाचं विष होतं; उलट्या, पिवळ्या भिंती, चुकणारा ठोका ही त्याचीच लक्षणं. डिजिटॅलिस बंद झालं, पोटॅशियमचं सलाइन अगदी हळू चालू झालं, आणि आम्ही वाट बघत बसलो.

वॉर्डाच्या सिस्टरला मात्र माझं पटेना. "दूध बाहेर नासतं आणि रक्त फ्रिजमध्ये नासतं? काहीतरीच तुझं!" ती म्हणाली. चूक तिची नव्हती. फ्रिज नवा होता, आणि गार ठेवलं की टिकतं हे कुणाला माहीत नाही? मलाच मनातून खात्री करून घ्यायची होती. मी हाउसमनला बाही वर करून दिली. माझं रक्त, न गोठण्याचं औषध घालून, रात्रभर त्याच फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी पेशींबाहेरचं पोटॅशियम मोजलं, तर माझ्यासारखी ठणठणीत मुलगी कागदावर मरायला टेकलेली. सिस्टर हसली. "म्हणजे नासतं खरं. आता नासलं ते नासलं!"

मग मी तीच नळी, थोडं ग्लुकोज घालून, अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवली. थोड्या थोड्या वेळाने थेंबभर काढायचं, फिरवायचं, फवारायचं. पहिल्यांदा काटा किंचित खाली आला. मला वाटलं, माझीच चूक. पुन्हा मोजलं, आणखी खाली. दुपारपर्यंत तो उतरतच राहिला.

मी यंत्रासमोर उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला. त्या नळीत हृदय नव्हतं, मेंदू नव्हता, मी नव्हते. काचेतलं चमचाभर रक्त, रात्रभर गारठलेलं. त्याला ऊब मिळाली, खायला साखर मिळाली, आणि कुणी न सांगता त्याने सांडलेलं पोटॅशियम उचलून परत घरात न्यायला सुरुवात केली होती. आकृती घोकून मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. पण ती खरी आहे, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. सिस्टर माझ्या खांद्यावरून काटा बघत होती. "अगं बाई," एवढंच ती म्हणाली.

आमचे एक प्राध्यापक सांगायचे की माणूस नुसता पडून असला, तरी त्याच्या खाण्यातला मोठा वाटा या एका पंपाच्या पोटात जातो, आणि मेंदूत तर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. तेव्हा मला ही उधळपट्टी वाटायची. एवढं करून कमवायचं काय, तर कालच्यासारखंच आज असायचं! आता वाटलं, कालच्यासारखं आज असणं ही केवढी गोष्ट आहे. त्या फरकाच्या जोरावरच मज्जातंतूतून निरोप जातो, हृदयाचा ठोका पडतो आणि पेशी पाण्याने फुगून फुटत नाही.

मावशीची नाडी सरळ व्हायला आठवडा लागला. उलट्या थांबल्या, भिंती पुन्हा पांढऱ्या झाल्या. एके दिवशी दुपारी मी रक्त घ्यायला गेले, तर सासू-सुनेचं काहीतरी बिनसलेलं. सुनेने भाताचा डबा आणलेला आणि मावशी तोंड फिरवून पडलेल्या.

"जेवत का नाहीत? मळमळतंय का?" मी घाबरून विचारलं.

"मळमळत नाय," सून म्हणाली. "भूक लागलीय त्यांना. सकाळपासून तीनदा बोलल्या. पण खायची लाज वाटते म्हणे."

"लाज कसली, मावशी?"

मावशी भिंतीकडे बघतच बोलल्या. "गो बाय, टोपली डोक्यावर घेऊन उन्हातानात हिंडले तवा खाल्लं. आता आठ दिस नुसती लोळते. काडी उचलली नाय. सून राबते आणि मी गिळू? बिनकामाच्या पोटाला एवढी भूक लागते तरी कशी?"

रक्त काढून घेऊन मी खाटेच्या कडेवर बसले. हातातली नळी अजून गरम होती, त्यांच्याच रक्ताने. मला तीन सोडियम, दोन पोटॅशियम असलं काहीच सांगता येईना.

"मावशी," मी म्हणाले, "या वॉर्डात तुमच्याइतकं काम कुणीच केलं नाहीये. तुम्ही झोपलात तरी ते चालू असतं. ते थांबत नाही म्हणून तर तुम्ही आहात. भूक त्याचीच लागते."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करते की काय, ते बघत होत्या. मग सुनेकडे वळल्या.

"आण तो डबा," त्या म्हणाल्या. "अळणी असला तरी आण."

आणि उठून बसून त्या जेवल्या, सगळा डबा संपेपर्यंत.