गिरणीतली शेगडी

कऱ्हाटीची जरिनाखाला भलतीच तापट. नवरा गेल्यापासून पिठाची गिरणी एकटीनं चालवते आणि दळणाला आलेल्या बायांपुढं मनात येईल ते बोलते. तिथं बोललेलं सांजेपर्यंत गावभर होतं.

तिच्या बहिणीच्या पोरानं, आरिफनं, बारामतीत विजेच्या वस्तूंचं दुकान टाकलं, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक खालाच. गिरणीत चहा करायला तिनं इंडक्शन शेगडी आणली. जर्मलचं पातेलं ठेवलं, तर शेगडी नुसती टीं टीं करून बंद! तिनं फोन लावला. आरिफ म्हणाला, ॲल्युमिनियम चालत नाही, बुडाला चुंबक चिकटेल असंच भांडं पाहिजे. धान्यातले खिळे धरायला गिरणीत चुंबक होतंच. ते घरभर फिरवून तिनं एक स्टीलचं पातेलं शोधलं. पण विकताना हे सांगायला तोंड शिवलं होतं का, असं विचारल्याशिवाय फोन ठेवला नाही. बरोबरच होतं की तिचं!

तरी शेगडी नीट चालेना. गिरणीची मोटर सुरू केली की ओरडून बंद. मोटर बंद असली तरी अर्धा चहा झाला की गप्प. सख्ख्या भाच्यानं मावशीला गंडवलं, हे खालाच्या काळजाला लागलं. आरिफ खोटा माल विकतो, हे तिनं दळणाला येणाऱ्या प्रत्येकीला ऐकवलं. त्यातल्याच सारजानं लेकीच्या, छकुलीच्या, रुखवतासाठी आरिफकडं शेगडी सांगितली होती. तिनं ती नको म्हणून कळवलं. मग बाकीच्याही आरिफच्या दुकानाकडं फिरकेनात.

शेवटी आरिफ स्वतः आला. त्यानं खालाला मोटर सुरू करायला लावली. दिवा मिणमिणला आणि शेगडी बंद पडली. मोटर वीज ओढते, व्होल्टेज फार खाली जातं, मग शेगडी आपली आपण थांबते, असं तो म्हणाला. प्लग काढून, गार होऊ देऊन त्यानं ती उलटी केली. खालची जाळी पिठानं पार लिंपलेली. आतला पंखा गार वारा ओढायचा, त्याबरोबर गिरणीचं पीठही. आता वाराच जाईना, म्हणून आतलं तापून ती बंद व्हायची. त्यानं जाळी झाडली, शेगडी मागच्या घरात नेऊन लावली. चहा उतू जायची वेळ आली तरी ती थांबली नाही.

खालाचा संताप आता स्वतःवर आला, तरी ती आरिफवरच खेकसली, इतके दिवस कुठं मेला होतास म्हणून.

"शेगडीचं झालं, खाला," तो म्हणाला. "माझ्या दुकानाचं काय?"

दुसऱ्या दिवशी दळणं घेऊन बाया जमल्या. खालानं मोटर सुरूच केली नाही.

"आधी ऐका. आरिफची शेगडी चांगलीच हाय. पीठ माझं, मोटर माझी, आन् जीभबी माझीच."

रांगेतली सारजा डबा खाली ठेवत म्हणाली, "आता काय उपेग? छकुलीची शेगडी काल दुसरीकडनं आणली बी."

खालानं मोटर सुरू केली. त्या दिवशी ती कुणाशीच बोलली नाही.