पंधरा जूनपर्यंत

आमच्या रहाटणीच्या घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू असायचे आणि त्यांच्या पोरी माझ्यापेक्षा हुशार निघू नयेत अशी माझी साधी अपेक्षा असायची. बाकीच्यांनी ती पाळली. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना बीडकडचं एक कुटुंब राहायला आलं. वडील चाकणला गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, कंपनीच्या बसने जायचे-यायचे. मुलगी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात आली आणि पहिल्याच सेमिस्टरला माझ्या पुढे गेली.

मी लहानपणापासून इंग्रजी माध्यमात शिकलेली, ती सगळी मराठीत. त्यामुळे इंग्रजी हे एकच मैदान माझ्या नावावर उरलं होतं आणि मी ते जिवापाड राखून होते. वर्गातल्या निम्म्या पोरी सरांना मेल पाठवायच्या आधी मला दाखवायच्या. मी आधी नाक मुरडायचे, मग दुरुस्त करून द्यायचे. आता मोबाइलच मेल लिहून देतो, तेव्हा ते काम मी करायचे आणि त्याचा मला फार तोरा होता.

आई मात्र मुद्दाम केल्यासारखी बोलायची. "वरच्या पोरीला बघ, पाचला उठती. पानी भरती, डबं करती, आन् वर नंबर काढती. तुला चहा हातात द्यावा लागतू." मी म्हणायचे, "मग तिलाच ठेवून घे." आई म्हणायची, "व्हय, ठिवलं असतं."

तिसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये आमच्या एका सरांनी वर्गात सांगितलं की त्यांना सुट्टीत एक विद्यार्थी हवा आहे. चाकणच्या एका कारखान्यातल्या मशीनच्या कंपनांची मोजमापं येणार होती, त्यावर जून आणि जुलै दोन महिने लॅबमध्ये काम. जागा एकच. ज्यांना यायचंय त्यांनी मेल करा, काय येतं ते लिहा, गावाला वगैरे जाणार असाल तर तेही कळवा. आठ-पंधरा दिवस उशिरा आलात तर चालेल, पण जुलै संपेपर्यंत मध्ये सोडून जायचं नाही. मी त्याच दुपारी मेल पाठवला. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी होते.

रविवारी सकाळी ती आमच्या गच्चीवर आली. मी आईने वाळत घातलेले बटाट्याचे वेफर्स उलटत बसले होते. फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "जरा बघ की गं. पाठवायचंय सरांना. माझं इंग्लिश तुला म्हाईतच आहे."

मी वाचलं आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. विषयाची ओळ रिकामी. सुरुवात 'हाय सर, हाऊ आर यू', त्यातला 'यू' म्हणजे नुसतं एक अक्षर. 'प्लीज'मधले स्वर गायब. 'आय अ‍ॅम नोइंग पायथॉन'. 'आय डिडन्ट गॉट टाइम बिफोर'. 'गोइंग टु नेटिव्ह फॉर मॅरेज', म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं की हिचंच लग्न ठरलंय. शेवटी 'रिप्लाय फास्ट' आणि हात जोडलेलं पिवळं चित्र.

"हे मित्राला लिहिल्यासारखं झालंय," मी म्हणाले. "सरांना 'रिप्लाय फास्ट' म्हणतात का? हुकूम सोडतेयस?"

"लवकर सांगा म्हणलं फक्त."

"मराठीत 'सांगा'मधला 'गा' आदर करतो. इंग्रजीत तो वेगळा लिहावा लागतो."

ती हसली. मी कामाला लागले. विषयाच्या ओळीत उन्हाळी प्रकल्पासाठी अर्ज असं टाकलं. 'हाय'चं 'डिअर सर' केलं, खाली तिचा वर्ग आणि रोल नंबर घातला. 'आय अ‍ॅम नोइंग' खोडून 'आय नो' केलं आणि तिला सांगितलं की माहीत असणं ही चालू क्रिया नसते, त्याला 'इंग' लागत नाही. 'डिडन्ट'नंतर 'गॉट' येत नाही, 'गेट' येतं, कारण भूतकाळ 'डिड'ने आधीच सांगून टाकलेला असतो. 'रिप्लाय फास्ट'च्या जागी, आपण कळवलंत तर मी आभारी राहीन, अशा अर्थाचं वाक्य आलं. पिवळे हात काढले. लग्न मामेबहिणीचं केलं. तिनं सगळं मान डोलावत ऐकलं.

मग मधला परिच्छेद आला. तिनं लिहिलं होतं की प्रॅक्टिकलला बेअरिंगच्या कंपनांचे आकडे मध्येच उसळी मारत होते. सगळ्यांनी ते चुकीचे म्हणून सोडले. तिनं घड्याळ लावून पाहिलं, तर शेजारच्या खोलीतला कॉम्प्रेसर चालू झाला की उसळी येत होती. मग तिनं तेवढे आकडे वेगळे काढून पुन्हा हिशेब केला. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण वाचताना मला ती खोली दिसली. त्या प्रॅक्टिकलला मीही होते. मीही ते आकडे सोडले होते. माझ्या मेलमध्ये 'मी अत्यंत उत्सुक आहे' आणि 'मी मेहनती आहे' यापलीकडे काही नव्हतं. सर कुणाला घेणार हे मला तिथंच, गच्चीवर, कळलं. पोटात दुखायला लागलं. मत्सरानं पोटात दुखतं म्हणतात ते उगीच नाही, मला खरंच दुखलं.

शेवटून दुसरं वाक्य होतं, 'आय विल कम टिल फिफ्टीन जून.' तिला म्हणायचं होतं की लग्न आटोपून पंधरा जूनपर्यंत येते. आपल्या मराठीत पाच वाजेपर्यंत थांब, आणि पाच वाजेपर्यंत ये, दोन्हीला 'पर्यंत' एकच. इंग्रजीत थांबायला 'टिल' आणि यायला 'बाय'. मी आठवीत असताना बाईंनी यावर पानभर लिहून घेतलं होतं.

मी 'कम' खोडलं. त्याजागी 'बी अवेलेबल इन द लॅब' लिहिलं. 'टिल'वर बोट थांबलं. आणि मी ते तसंच राहू दिलं.

विसरले नाही, चुकून राहिलं नाही. जाणूनबुजून राहू दिलं. मी स्वतःला सांगितलं की शब्द तिचाच आहे, मी काही घातलेला नाही. पण खरी लबाडी वेगळीच होती. ते मोडकं वाक्य जसंच्या तसं गेलं असतं, तर सरांना बरोबर कळलं असतं. मराठी माणूस होते ते, अशी शंभर इंग्रजी वाक्यं मनातल्या मनात मराठी करून वाचायचे. मी बाकीचं सगळं इतकं शुद्ध केलं की आता त्या एका शब्दावर कुणी शंका घेतली नसती. मामेबहिणीच्या लग्नाला गावी जायचं आहे आणि पंधरा जूनपर्यंत लॅबमध्ये असेन. म्हणजे पंधराला चालली. सरळ अर्थ.

"किती भारी झालं गं," ती म्हणाली आणि पाठवून मोकळी झाली. मग माझ्याबरोबर बसून उरलेले वेफर्सही उलटले.

सोमवारी दुपारी सरांनी मला कॉरिडॉरमध्ये थांबवलं. "तू जुलैअखेरपर्यंत इथेच आहेस ना? उद्या नक्की सांगतो." मी हो म्हणाले. कॉलेजपासून घरापर्यंत मी बसमध्ये एकटीच हसत होते.

घरी आले तर ती आमच्या स्वयंपाकघरात आईजवळ बसलेली. आईनं तिच्या पुढ्यात बशी ठेवली होती. मला बघितल्यावर तिनं फोन पुढं केला. सरांचं उत्तर होतं. इतका व्यवस्थित आणि मुद्देसूद मेल विद्यार्थ्यांकडून क्वचित येतो. कॉम्प्रेसरचं निरीक्षण उत्तम. पण तुम्ही फक्त पंधरा जूनपर्यंतच आहात आणि काम जुलैअखेरपर्यंत चालणार, त्यामुळे नाइलाज आहे.

"पहिली लाइन बघ की!" ती म्हणाली. "मेल भारी लिहिला म्हणले सर. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी बसमधल्या सगळ्यांना सांगितलं असंल."

"आणि पुढचं?"

"ते काही कळंना गेलं. मी पंधरापर्यंत येते म्हणून लिहिलंच होतं की. सरांना त्याच्या आत पाहिजे असंल कोण." तिनं फोन पालथा ठेवला. डोळे भरले होते, पण आवाज नीट होता. "जाऊ दे. आता तुलाच मिळंल बघ. तुला मिळालं तर मला काय वाईट वाटणार नाही. आपल्याच घरात आलं."

आई म्हणाली, "गुनाची हाय बाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पश्चात्ताप झाला असं लिहायला मला आवडलं असतं. मला राग आला. मी तिच्या हातचं काढून घेतलं होतं आणि ही पोरगी तेच मला उचलून देत होती, वर डोळे पुसत. म्हणजे जागाही मला तिच्याच कृपेनं मिळणार. हे काही मला पचणारं नव्हतं.

"दे इकडे," मी म्हणाले.

तिच्याच फोनवर मी दुसरा मेल लिहिला. आधीच्या मेलमध्ये 'बाय'ऐवजी 'टिल' लिहिलं गेलं. मी पंधरा जूनच्या आत परत येणार असून जुलैअखेरपर्यंत पूर्ण वेळ आहे. चूक माझी आहे, क्षमस्व. मेल तिच्या नावाचा, त्यामुळे 'माय मिस्टेक' मी तिच्या नावाने लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी खरी कबुली देत होते आणि ती दुसरीच्या सहीनं जात होती.

"म्हणजे माझ्या 'टिल'मुळं झालं हे?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते तिला समजलं असेल तसं.

तासाभरात उत्तर आलं. काही हरकत नाही, सोळा जूनला सकाळी लॅबमध्ये या. ती आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या. मला तेव्हाही तिचा हेवाच वाटला, हे सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी तास संपायच्या आधी सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'टिल' आणि 'बाय'. म्हणाले, "परवा मला एक अतिशय सुंदर मेल आला. एका शब्दापायी त्या व्यक्तीची संधी जात होती. एवढं चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्याकडून ही चूक व्हायला नको होती." वर्ग इकडंतिकडं बघायला लागला.

माझ्या शेजारी बसलेल्या तिनं हात वर केला. "सर, ती मी. चूक माझीच हाय," ती मोठ्यानं म्हणाली आणि स्वतःच हसली. सगळा वर्ग हसला. मीही हसले.