तीन बिल्ल्यांचा माणूस

चिठ्ठीवर एवढंच होतं : "हजार दिवस भरलेल्या कामगारांची यादी काढायची क्वेरी लिहून पाठवा. अर्जंट." खाली तारापूरच्या कारखान्याच्या पर्सोनेल अधिकाऱ्याची सही, आणि अर्जंटखाली दोन रेघा.

नव्वदीची सुरुवात होती. मी कंपनीच्या पालघर ऑफिसात प्रोग्रॅमर होते आणि चिठ्ठी बघूनच डोकं फिरलं. मी फोन लावला. माहिती कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे? "कॉम्प्युटरमध्ये." टेबलांची नावं काय? "ते तुम्हालाच ठाऊक, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या." रकान्यांत काय काय भरलंय? "मॅडम, सगळं भरलंय, एकही रिकामा नाही." यादी मात्र सोमवारी गेटवर लागायची होती. युनियनशी ठरलं होतं, एकूण हजार दिवस भरले तो कायम, बाकीचे महिनाअखेर घरी.

मी आमच्या ऑफिसातल्या मशीनवर चालेल अशी झकास एसक्यूएल क्वेरी लिहिली, टेबलांना मनाची नावं दिली आणि फॅक्स केली. तासाभरात तिथल्या, हजेरी ठेवणाऱ्या टाइमकीपरचा फोन आला. हा मूळचा साताऱ्याकडचा, माणूस सरळ. म्हणाला, "म्याडम, जसंच्या तसं टाइप केलं. मशीन इचारतंय, मदत पायजे का? मी वाय दाबलं, तर पानभर इंग्रजी आलं. आता काय दाबू?"

मशीन मदत विचारतंय म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिकडे जुनं डीबेस थ्री प्लस सॉफ्टवेअर होतं, त्याला माझी क्वेरी कळायचं कारणच नव्हतं. मी चरफडत बोईसरची एसटी पकडली.

टाइम ऑफिसात दोन फायली निघाल्या. एकीत कामगाराच्या बिल्ल्यावरचा तिकीट नंबर, महिना, भरलेले दिवस. दुसरीत तिकीट नंबर, नाव आणि एक्स-वन ते एक्स-नाइन असे नऊ रकाने. "हे काय?" मी टाइमकीपरला विचारलं. "एक्स-थ्री म्हंजे गमबुटाचं माप. एक्स-फोरात कोन डबा आनतो त्ये." बाकीच्यांचा अर्थ मी ऐकूनच घेतला नाही. हाच माझा शहाणपणा. तिकीट नंबरावर इंडेक्स लावला, दिवसांची बेरीज केली, यादी छापली.

खिडकीशी एक कामगार उभा होता, वाणगावच्या पूर्वेकडच्या पाड्यावरचा. कारखान्यात इतकी वर्षं की बॉयलरचा आवाज ऐकून बिघाड सांगायचा. "बाय, माजा नाव हाय काय?"

नव्हतं. त्याच्या पाड्यावरच्या एकाचंही नव्हतं. टाइमकीपर म्हणाला, "ही लोकं येकाददुसऱ्या साली भाताच्या आवनीला गावी जात्यात. परत आली की मी नवा नंबर देतो, रीतच हाय."

म्हणजे गावी जाऊन आला की माणूस नवा होत होता! मग मी नंबर सोडून नावावर बेरीज केली. त्याचं नाव पहिलं आलं, पण एका महिन्यात बावन्न दिवस भरून. त्याच्याच नावाचा दुसरा एकजण पॅकिंगमध्ये होता. टाइमकीपर कौतुकाने म्हणाला, "लई कष्टाळू मानूस." मला हसू आवरेना, आणि रडूही येत होतं, कारण सोमवार दोन दिवसांवर होता.

त्या माणसाने कमरेचा करगोटा वर ओढला. त्यात पितळेचे तीन बिल्ले ओवलेले होते, तिन्हींवर वेगवेगळे नंबर. खिडकीच्या फळीवर एकेक ठेवत तो म्हणाला, "यो मी. यो पन मी. न् यो पन मीच हाय."

टाइमकीपरने ते नंबर बघितले आणि सहज बोलला, "व्हय की. एक्स-सेवनात मागचा नंबर हाय ना. जागा रिकामी दिसली, म्हनून टाकून ठेवतो मी."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी थ्री-फोरवरच थांबलात, म्याडम."

मी छोटा प्रोग्रॅम लिहिला, एक्स-सेवन धरून मागे मागे जायचं, आणि मागचे दिवस आताच्या नंबरात मिळवायचे. पुन्हा छापलं. त्याच्या नंबरासमोर एक हजार एकोणीस दिवस होते. त्याच्या पाड्यावरचे आणखी सहाजण यादीत आले.

मी कागदावर त्याच्या नावाखाली बोट ठेवून दाखवलं. त्याने टाइमकीपरला विचारलं, "आता आवनीला जाऊन आलो, तं मना परत नवा करशील काय?"

टाइमकीपरने माझ्याकडे बघितलं. मग खिडकीच्या फळीवरचे दोन जुने बिल्ले उचलून खणात टाकले आणि तिसरा त्याच्या हातात दिला. "नाय," तो म्हणाला, "आता रजेचा अर्ज द्यायचा."