साठ अधिक-उणे दोन

घाटंजीच्या ज्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो, तिथे दुसऱ्या वर्षाला केसाची जाडी मोजण्याचा प्रयोग आहे. पुठ्ठ्याच्या चौकटीत केस उभा ताणून चिकटवायचा, त्यावर लेझर सोडायचा आणि चार मीटरवरच्या भिंतीला लावलेल्या कागदावर काय दिसतं ते पाहायचं. मधोमध लाल ठिपका, दोन्ही बाजूंना फिकट होत जाणाऱ्या लाल पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये काळोख्या जागा. त्या काळोखाचं अंतर मोजलं की जाडी निघते.

बायकोनं हे माझ्या तोंडून पुष्कळदा ऐकलं होतं. नागपूरला तिची केमो संपली, डोक्यावर बोटभर केस आले, तेव्हा एकदा आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, "तुमच्या त्या लाल दिव्यानं माह्ये केस मोजा ना."

"कायले?"

"पहिल्यासारखे जाड आले का, ते पाहाचं हाये मले."

उपचारापूर्वी तिनं वेणी कापून कपाटात जपून ठेवली होती. एका रविवारी ती वेणी घेऊन आम्ही लॅबमध्ये गेलो. खिडक्यांना काळं कापड लावलं. आधी वेणीतला केस लावला. एका बाजूच्या तिसऱ्या काळोखापासून दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या काळोखापर्यंतचं अंतर भरलं एकवीस पूर्णांक सात सेंटिमीटर. मग डोक्यावरचा नवा केस लावला. पट्ट्या लांबवर पसरल्या. अंतर सव्वीस.

"केवढं लांब गेलं वो!" ती टाळी वाजवून म्हणाली. "म्हणजे चांगला जाड हाये."

मला सांगावं लागलं, की उलटं असतं. केस जितका बारीक, तितका प्रकाश जास्त पसरतो. जुना बहात्तर मायक्रोमीटर, नवा साठ. तिनं रुमाल डोक्याला बांधला.

तीन-चार महिन्यांनी तीच पुन्हा म्हणाली, "चला, पाहू." या वेळी पाच केस मोजले. एक अठ्ठावन्न, एक चौसष्ट, बाकीचे मधले. सरासरी एकसष्ट.

"वाढला ना एक?"

मी शिक्षक. जे मुलांना सांगतो तेच तिलाही सांगितलं. मोजपट्टीवर लाल पट्ट्यांची कड नेमकी सापडत नाही, तिथे तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. लेझरची तरंगलांबी डबीवर साडेसहाशे नॅनोमीटर लिहिलेली, ती दहानं चुकू शकते. भिंतीचं अंतर टेपनं घेतलेलं. सगळं मिळून शेकडा तीन, म्हणजे दोन मायक्रोमीटर. शिवाय एकाच डोक्यावरचे दोन केससुद्धा सारखे नसतात. साठ आणि एकसष्टमध्ये फरक आहे, असं म्हणता येत नाही.

ती स्टुलावर बसून ऐकत होती. "म्हणजे जाड झाले, असं म्हणता येत नाही?"

"नाही."

"पन नाही झाले, असंबी म्हणता येत नाही?"

"तसंही नाही."

"मंग मी झाले समजते," असं म्हणून ती हसली. फार दिवसांनी मोकळी हसली. जाताना बाजारात थांबून तिनं केसांना लावायच्या पिना घेतल्या, इतक्याशा केसांत त्या टिकतच नव्हत्या.

पुढच्या तपासणीत फुप्फुसात एक ठिपका निघाला. आधीचा स्कॅन काढून पाहिला तर त्यातही तो होता, सहा मिलिमीटरचा; आता सात. डॉक्टर म्हणाले, "एवढा फरक मोजण्यातही येऊ शकतो. आत्ताच वाढला असं म्हणता येणार नाही. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हे बी तुमच्यासारखेच बोलून राह्यले," ती हळूच म्हणाली.

त्या तीन महिन्यांत आम्ही दोघं त्या एका मिलिमीटरच्या आडोशाला राहिलो. फुलसावंगीला तिच्या माहेरी जाऊन आलो. तिनं तुरीच्या शेंगा सोलल्या, घराला रंग कोणता द्यायचा यावर माझ्याशी भांडली. मी रोज मनाशी म्हणत होतो, शेकडा इतकी चूक धरली तर काहीच झालेलं नाही. चूक एवढ्या प्रेमानं मी कधी मोजली नव्हती.

नंतरच्या स्कॅनमध्ये ठिपका एकोणीस होता आणि शेजारी आणखी दोन. कोणतीही चूक धरली तरी ते आकडे मागे येत नव्हते. डॉक्टर बोलायच्या आधीच मी फिल्मवर वाचलं. ती मात्र त्यांच्याकडे न पाहता माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"या खेपी म्हणता येते, नाही का?" तिनं विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. तिनं माझा हात धरला आणि गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत ती गेली. केस तोवर पुन्हा गळून गेले होते. शेवटच्या आठवड्यात ती डोकं माझ्या मांडीवर ठेवायची आणि मी तळवा फिरवत राहायचो, आणि तिला झोप लागली की तसाच बसून राहायचो.

यंदा हा प्रयोग दुसऱ्या सरांना घ्यायला सांगितला. त्या तासाला मी बाहेर व्हरांड्यात असतो. आतून मुलं आकडे ओरडतात. ते ऐकू येऊ नयेत म्हणून मी पायऱ्या उतरून मैदानात जातो, तिथे ऊन असतं, आणि मी उभा राहतो.