दहाव्या भागाचा सोडा

चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल रंगवणाऱ्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. कॉम्प्युटर हा काही माझा विषय नाही. पण आमच्याकडे पंप आणि वजनकाट्यांचे प्रोग्राम लिहिणारा इंजिनियर नोकरी बदलून पुण्याला गेला आणि त्याची सगळी दुखणी माझ्या गळ्यात पडली. चाळिशीनंतर रात्री जेवणं उरकून मोबाईलवर पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायची, हे काही हौशीने होत नाही. गरज होती, म्हणून शिकले.

त्या उन्हाळ्यात एक गडद मरून रंगाची ऑर्डर आली. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून मशीनमध्ये सोड्याचं पाणी सोडावं लागतं, तेही एकदम नाही, थोडं थोडं. एरवी आम्ही ते चार भागांत सोडायचो, कधी आठ. या रंगाला आणखी सावकाश हवं होतं, म्हणून डाईंगच्या साहेबांनी दहा भाग करायला सांगितले. स्क्रीनवर चारच्या जागी दहा टाकायचे, एवढंच काम होतं. सगळा सोडा म्हणजे एक, आणि त्यातला किती आत गेला तो आकडा स्क्रीनवर दिसायचा.

मशीनवर मंद्रूपचे एक मामा होते. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, कमी बोलणारे. माझ्या आधीपासून कारखान्यात. त्या दिवशी एक माणूस रजेवर असल्याने त्यांच्याकडे दोन मशीन होत्या. स्क्रीनवरचा आकडा एक झालेला पाहून ते दुसऱ्या मशीनकडे गेले. परत आले तर सोड्याचा पंप चालूच होता. त्यांनी बटण दाबून तो बंद केला, पण तोवर नको तेवढा सोडा आत गेला होता. टॉवेल बाहेर काढले तेव्हा कुठे गडद, कुठे फिके, सगळ्यांवर ढगांसारखे डाग. अख्खा लॉट काळ्या रंगात घालावा लागला.

साहेबांचं म्हणणं, मामांनी हाताने पंप चालू केला आणि विसरले. मामा एकच गोष्ट सांगत राहिले. "स्क्रीनवर एक झालेलं मी बगितलं की. मग मी गेलो. मी हात लावला न्हाय." कोणी ऐकून घेतलं नाही. चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसायला सांगितलं. गेटपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेले. ऊन असं होतं की गेटचा लोखंडी दांडा हाताला चटके देत होता. त्यांनी डबा काखेत मारला आणि मान हलवून गेले.

पंप आपोआप चालत राहू शकतो का, हे तपासायचं काम माझ्याकडे आलं. खरं तर तपासायचं असं कुणी म्हटलंच नव्हतं. पंप ठीक आहे असं लिहून दे, एवढंच म्हटलं होतं. पंप ठीकच होता. तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी, मशीन रिकामी असताना, सोड्याच्या टाकीत साधं पाणी भरलं आणि दहा भाग लावून प्रोग्राम सुरू केला. दहावा भाग गेला. स्क्रीनवर १.०० आलं. आणि पंप पुन्हा सुरू झाला. अकरावा भाग, मग बारावा. मी स्टूलवर बसून नुसती बघत राहिले. तेराव्या भागाला बटण दाबून तो बंद केला.

पुण्याच्या इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, मी आत्ता माझ्या लॅपटॉपवर बघितलं. दहा वेळा ०.१ ची बेरीज बरोबर एक येतेय. तुमचं वायरिंग बघा." वायरिंग मी सकाळीच बघितलं होतं.

मग मी प्रोग्राममधली ती ओळ उघडली. आतापर्यंत सोडलेल्या भागांची बेरीज एकाइतकी होत नाही तोवर पंप चालव, असं त्यात लिहिलेलं. स्क्रीनवर ती बेरीज दोनच घरांपर्यंत दिसायची. मी ती पूर्ण छापायला सांगितली. ०.९९९९९९९९९९९९९९९९ आलं. एकाच्या केसभर खाली. मशीनच्या दृष्टीने ते एक नव्हतं, म्हणून तिने आणखी एक भाग सोडला. मग बेरीज एकाच्या पुढे गेली, आणि त्यानंतर ती एकाइतकी कधीच होणार नव्हती. मामांनी एक झालेलं बघितलं हेही खरं होतं, आणि पंप चालू राहिला हेही खरं होतं.

असं का होतं ते समजायला मला संध्याकाळची कंपनीची बस सोडावी लागली. कॉम्प्युटर अपूर्णांक दोनाने भागत जाऊन मांडतो: अर्धा, पाव, अष्टमांश, असे. पाव आणि अष्टमांश त्यात नेमके बसतात, म्हणून चार आणि आठ भागांना कधी त्रास झाला नाही. एक दशांश, म्हणजे ०.१, मात्र बसत नाही. आपण एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलो की ०.३३३ करत संपतच नाही, तसंच त्याचं होतं. कुठेतरी तोडून जवळचा आकडा ठेवावा लागतो. त्यात प्रत्येक बेरजेनंतर उत्तर पुन्हा जवळच्या आकड्यावर आणलं जातं. गंमत म्हणजे साठवलेला ०.१ खऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो, तरी दहा वेळा मिळवल्यावर बेरीज कमी भरते. आणि इंजिनियरच्या लॅपटॉपवर बरोबर का आलं? पुन्हा फोन करून विचारलं, तर त्याच्याकडे पायथन नवीन होतं. नव्यात बेरीज करणारं फंक्शन मागे राहिलेली चूक सांभाळून घेतं. आमचा कॉम्प्युटर जुना, त्यातलं पायथनही जुनं.

इंजिनियरने त्याच फोनवर उपायही सांगितला होता, "एक किंवा जास्त झालं की थांब, असं करा." तेही पाण्यावर करून पाहिलं. दहाव्यानंतर बेरीज एकापेक्षा कमीच, म्हणून अकरावा भाग गेलाच आणि मग पंप थांबला. एक भाग जास्तीचा म्हणजेही लॉट खराब. शेवटी अपूर्णांकांची बेरीजच काढून टाकली. किती भाग गेले ते एक, दोन, तीन असं पूर्ण आकड्यांत मोजायचं आणि दहा झाले की थांबायचं. दिवसभराच्या वजनांची बेरीज करणाऱ्या ओळीत अशा कामासाठीच असलेलं एफसम नावाचं फंक्शन घातलं. जिथे दोन अपूर्णांकांची तुलना टळत नव्हती, तिथे तंतोतंत सारखे आहेत का हे न विचारता पुरेसे जवळ आहेत का, हे विचारलं. पुन्हा पाणी सोडलं. दहावा भाग गेला आणि पंप थांबला.

साहेबांना मी बोलावून दोन्ही प्रकार चालवून दाखवले. त्यांनी हाताची घडी घालून पाहिलं. मग म्हणाले, "उद्यापासून बोलवा त्यांना." चूक कोणाची यावर काही बोलले नाहीत. मीही खोदून विचारलं नाही. त्या दिवशी माझ्यात तेवढा जीव उरला नव्हता.

मामा परत आले. चहाच्या वेळी त्यांनी मला नेमकं काय झालं ते विचारलं आणि मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजी मी बगितलं ते बरूबरच होतं."

"बरोबरच होतं, मामा."

"साहेबास्नी सांगितलंय न्हवं?"

सांगितलंय म्हटलं. ते साहेबांच्या केबिनकडे बघत राहिले. तिथून कोणी बाहेर आलं नाही. कप धुऊन ठेवला आणि ते मशीनकडे गेले. दिवाळीनंतर त्यांनी नोकरी सोडली. गावाकडे मुलाचं दुकान आहे, तिथे बसतात म्हणे. कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मी त्या दुपारी चहा संपवून उठले. तोच प्रोग्राम आणखी दोन मशीनवर होता आणि तिथली ओळ अजून बदलायची होती.