कपाटातली अंगाई

दुकानाच्या दारात गिऱ्हाइकांच्या पिशव्या तपासणं हे माझं काम. त्यामुळे संशय अंगात मुरलाय, आणि घरी आल्यावर तो काही चपलांबरोबर बाहेर काढून ठेवता येत नाही.

माझी वहिनी मालवाहू जहाजावर स्वयंपाकी म्हणून जाणार होती. वर्षभराचा करार होता. भर समुद्रात फोन लागत नाही, म्हणून ती ढब्बूसाठी अंगाई रेकॉर्ड करून ठेवत होती. ढब्बू म्हणजे तिची दीड वर्षाची लेक. भाऊ रात्रपाळीला जातो, तेव्हा ढब्बूला निजवायचं काम माझ्याकडे येणार होतं.

इतपत ठीक होतं. पण रेकॉर्डिंग किती करावं? पंखा बंद. फ्रिज घरघरतो म्हणून त्याचं बटण बंद. मग वहिनी कपड्यांच्या कपाटात शिरून बसायची, कारण भिंतींवर आवाज घुमतो आणि साड्या तो गिळून टाकतात. फोन घडी केलेल्या टॉवेलवर, तोंडापासून वीतभर लांब आणि जरासा बाजूला, म्हणजे श्वासाचा फुसकारा येत नाही. मांडीवर उशी घेऊन ती थोपटत गायची, कारण थोपटण्याशिवायची अंगाई ढब्बूला ओळखू येणार नाही, असं तिचं म्हणणं. एकदा संपली की पुन्हा तेच, आधीपेक्षा सावकाश आणि हळू, शेवटी नुसतं गुणगुणणं. गाणं मध्येच तुटलं तर शांततेनेच पोर जागं होतं म्हणे.

मी बाहेर भाजी निवडत ऐकत होते. परत येणारी बाई एवढा घाट घालते का? माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्यात एक गोष्ट खटकली. अंगाई तिचीच होती, रोजची:

निजलं दार, निजली खिडकी,
निज गं आता, माझी लाडकी;
डोळे उघडशील उजाडल्यावर,
हात आईचा कपाळावर.

कपाटातून शेवटची ओळ येतच नव्हती. तिथे नुसतं 'हं हं' यायचं. पहिल्यांदा वाटलं, विसरली असेल. पण प्रत्येक वेळी तिथेच कशी विसरेल?

दुपारी तिने रेकॉर्डिंग जुन्या, सिमकार्ड नसलेल्या फोनवर घेतलं, म्हणजे मध्येच कुणाची रिंग वाजायला नको. ढब्बूला गादीवर टाकलं, फोन उशीपासून हातभर लांब ठेवला आणि आम्ही दोघी दाराआड उभ्या राहिलो. पोरीचे डोळे जड झाले. तिसरी ओळ झाली, 'हं हं' आलं, आणि ढब्बू टक्क जागी होऊन उठून बसली. आधी फोनमागे पाहिलं, मग दाराकडे, आणि भोकाड पसरलं.

मी तिला उचललं आणि वहिनीला तोंडावरच विचारलं, "तू परत येणार नाहीयेस, हो ना? म्हणून ती ओळ गाळलीस."

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पिशवीत काहीतरी लपवून निघाले होते.

"ताई, मी येणार आहे. पण उद्या सकाळी तिच्या कपाळावर माझा हात नसणार. रोज सकाळी ती शोधेल. हे खोटं मी वर्षभर कशी ऐकवू?"

"मग दुसरं काही घाल तिथे."

"घालणारच होते. 'हात आत्याचा कपाळावर.' चालीत बसतं. पण तेही खोटं असलं तर?" तिचा आवाज चिरकला. "परवा गॅलरीत फोनवर बोलत होतात. दुसऱ्या गावच्या दुकानात बढती मिळतेय म्हणून."

मी अजून हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं.

"जायचं असेल तर आजच सांगा. मी जहाज सोडते. पण राहणार असाल, तर ती ओळ तुम्हीच गा, माझ्या आवाजात नको."

माझा आवाज म्हणजे फाटका भोंगा. तरी ढब्बूला पुन्हा निजवून मी कपाटात शिरले आणि गायले. वहिनीने इअरफोन कानात घालून ऐकलं, भुवया आवळून.

"नाही. पुन्हा म्हणा."

पुन्हा म्हटलं.

"ताई, हे उरकल्यासारखं वाटतंय."

मला राग आला. साड्या बाजूला सारून मी बाहेर आले. गॅलरीत गेले. मग मॅनेजरला फोन लावला. "मला नाही जमणार, दुसऱ्या कुणाला पाठवा," एवढंच सांगितलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ती खुर्ची मला हवी होती.

परत येऊन मी कपाटात बसले, उशी मांडीवर घेतली आणि थोपटत थोपटत ती ओळ म्हटली. सूर तेवढाच भिकार होता.

वहिनीने ती ऐकली. मग परत एकदा ऐकली. सेव्ह केली, डोळे पुसले आणि पलंगाखालून बॅग ओढली. उद्या पहाटे तिला निघायचं होतं, आणि तोवर तिने त्या बॅगेत एक रुमालसुद्धा टाकला नव्हता.