उच्चाराची चूक

खापरखेड्याच्या वीजकेंद्रातला तो फिटर दर रविवारी नागपूरच्या जरीपटका भागात माझ्या कोरियन वर्गाला येई. प्रत्येक शब्द आधी ओठांतल्या ओठांत पुटपुटून मगच मोठ्याने म्हणे.

त्या दिवशी मी प्रेमाची कबुली शिकवली. सुरुवात ‘चोआहेयो’ने, म्हणजे ‘तुम्ही मला आवडता’. ‘सारांगहेयो’, म्हणजे ‘माझं तुमच्यावर प्रेम आहे’, फार जड, ते बरंच नंतर. मग ‘चॉरांग सागुइल्लेयो?’, म्हणजे ‘माझ्याशी नातं जोडाल?’ त्याला होकार मिळाला, की त्या दिवसापासून नात्याचे दिवस मोजतात. न विचारता नातं सुरू झालं असं कोरियात सहसा मानत नाहीत.

“आन् पहिले बोलनाऱ्याले नाही म्हटलं तं?” त्याने विचारलं.

“मैत्रीही जाऊ शकते. म्हणून तर पहिल्यांदा बोलणं अवघड.”

सगळे गेले, तो थांबला. पुटपुटला नाही. माझ्याकडे बघत सरळ म्हणाला, “चोआहेयो. चोरांग सागुइल्लेयो?”

मला सगळं कळलं होतं. साधं ‘नाही’ म्हणायची हिंमत झाली नाही, याची अजून लाज वाटते.

“‘चो’रांग नाही, ‘चॉ’रांग,” मी म्हणाले.

त्याने मान खाली घातली आणि तेच वाक्य पुन्हा, अगदी बरोबर म्हटलं.

मी म्हणाले, “शाबास.”